कठडा ७८ सेंटिमीटर: सोलर बसवण्याआधीच्या एका गच्ची पाहणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिम भागातली तळ अधिक चार मजल्यांची, वीस सदनिकांची सोसायटी. बांधकाम १९९६ चं. एक लिफ्ट, पाण्याचे दोन पंप, जिन्याचे आणि पार्किंगचे दिवे, एवढाच सामायिक विजेचा भार. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना जाहीर झाली. सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान मिळणार हे कळल्यावर कमिटीने दहा किलोवॉटचं ठरवलं. म्हणजे ५५० वॉटची अठरा पॅनेल, एक इन्व्हर्टर आणि नेट मीटर.

गच्ची साधारण १८ बाय १४ मीटर. दक्षिणेच्या कडेला, मध्यापासून थोडी पूर्वेकडे, जिन्याची केबिन आणि लिफ्टची मशीनरूम, त्यांच्या डोक्यावर आरसीसीची पाण्याची टाकी. टाकीचा माथा गच्चीपासून ५.४ मीटरवर. पश्चिमेला विटांच्या ओट्यांवर हजार हजार लिटरच्या तीन काळ्या प्लास्टिकच्या टाक्या. त्या बोअरच्या पाण्यासाठी नंतर बसवलेल्या. खाली चायना मोझॅक, जागोजाग तुकडे उडालेलं.

मी एका छोट्या सोलर कंत्राटदाराकडे जागेच्या पाहणीचं काम करतो. शिक्षण सिव्हिलचं, पण स्ट्रक्चरल इंजिनियर नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे याचा संबंध येतो.

पहिली पाहणी

आमच्या आधी दुसऱ्या एका कंपनीचा मुलगा येऊन गेला होता. मे महिन्याच्या मध्यात, दुपारी साडेबारा वाजता. त्याने टेपने लांबी-रुंदी घेतली, फोटो काढले, आणि वीस मिनिटांत शेरा मारला: जागा भरपूर, सावली नाही, स्लॅब चांगला. दरपत्रकात केबिनच्या उत्तरेलाच गुडघाभर उंचीच्या स्टँडवर पॅनेलच्या तीन ओळी दाखवल्या होत्या. पाय गच्चीला अँकर बोल्टने, कडेचे काही पाय थेट कठड्याला.

त्या मुलाने खोटं काही लिहिलं नव्हतं. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो याच सुमाराचा. त्या वेळी सरळ उभ्या खांबालाही सावली नसते, मग टाकीला कुठून असणार? सावली पाहायला वर्षातला सगळ्यात निरुपयोगी मुहूर्त त्याला मिळाला होता.

सेक्रेटरी काका निवृत्त बँक अधिकारी. त्यांना दर पटला होता, पण चौथ्या मजल्यावरच्या एका काकूंनी सभेत विचारलं, "आमच्या बेडरूमच्या छताला दर पावसाळ्यात डाग पडतो. त्यात आता तुम्ही वरून भोकं पाडणार?" या एका प्रश्नामुळे दुसरी पाहणी झाली.

काय सापडलं

जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी आठला मी पोचलो. पॅनेल घेऊन माणसं कुठून वर येणार हे बघायचं म्हणून आधी कठड्याला टेप लावला. आतून उंची भरली ७८ सेंटिमीटर. माझ्या मांडीच्या वरपर्यंत, कमरेच्या खाली. एवढ्या कठड्यालगत माणूस पाठमोरा सरकला तर कठडा त्याला अडवत नाही, उलट पाय अडकवून पाडतो. मी नोंद केली, "कठडा कमी, काम करताना दोर लागेल," आणि पुढे जाणार होतो.

मग गच्चीच्या दाराशी पाय थबकला. या काळातल्या इमारतींत जिन्याच्या केबिनमधून गच्चीवर जाताना उंबरा ओलांडून एक पायरी उतरावी लागते, पाणी आत येऊ नये म्हणून. इथे पायरीच नव्हती. गच्ची उंबऱ्याच्या जवळजवळ बरोबरीला आली होती. पाणी जायच्या जाळ्या खोल खड्ड्यात बसल्यासारख्या दिसत होत्या.

बाहेरून मोजलं. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून वाकून स्लॅबच्या पट्टीपासून कठड्याच्या माथ्यापर्यंत टेप धरला: १०७ सेंटिमीटर. आतून ७८. म्हणजे तिथे स्लॅबच्या वर २९ सेंटिमीटर काहीतरी साचलेलं होतं. पाणी झिरपू नये आणि उतार मिळावा म्हणून स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा थर घालतात, तो ब्रिकबॅट कोबा. तो सरासरी साडेचार इंच असतो, उताराच्या वरच्या टोकाला फार तर सहा. २९ सेंटिमीटर म्हणजे साडेअकरा इंच.

सेक्रेटरी काकांना विचारलं तेव्हा त्यांनी जुनी फाइल काढली. २००९ साली गळती थांबवण्यासाठी नवा कोबा केला होता. जुना काढायचा खर्च वाचावा म्हणून त्याच्यावरच.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावून कोपऱ्यात, जाळीपासून लांब, वीतभर चौकोन फोडला. वरून मोझॅक, खाली विटांचे तुकडे आणि मसाला, मग जुन्या मोझॅकचा मळका थर, पुन्हा विटा, आणि तळाला स्लॅब. जून कोरडा चालला होता, तरी खालच्या थरातल्या विटा हाताला गार आणि ओल्या लागल्या. एक तुकडा मिस्त्रीने बोटांनी दाबला तर त्याचा चुरा झाला.

अडचण नेमकी कोणती होती

सोलर म्हटलं की लोक पहिल्यांदा पॅनेलच्या वजनाची काळजी करतात. त्या हिशोबाने बघू. एक पॅनेल साधारण २८ किलो, अठरा पॅनेल पाचशे किलो, लोखंड धरून एक टनाच्या थोडं वर. व्यापलेल्या जागेवर वाटलं तर चौरस मीटरला वीस-पंचवीस किलो. पश्चिमेच्या तीन टाक्या भरल्या की तीन टन होतात आणि त्यांच्याविषयी पंधरा वर्षांत कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

आता कोबा. गच्ची २५२ चौरस मीटर, दोन्ही थर मिळून सरासरी २४ सेंटिमीटर, घनमीटरला ढोबळ अठराशे किलो धरा. शंभर टनांच्या वर जातं. त्यातला वरचा निम्मा थर मूळ आराखड्यात नव्हताच. चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास हा जास्तीचा बोजा. वापरातल्या गच्चीवर माणसं आणि सामान यांसाठी भारतीय मानक IS 875 नुसार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे दीडशे किलोच्या आसपास भार धरतात. ती सगळी मुभा दुसऱ्या कोब्याने एकट्याने खाऊन टाकली होती.

स्लॅब पडायला आला होता असं मी म्हणत नाही. स्लॅबमध्ये सुरक्षिततेचा फरक ठेवलेला असतो आणि पंधरा वर्षं तो उभाच होता. पण त्यावर नवं काही ठेवायला "चालेल" म्हणणं माझ्या अधिकारातलं नव्हतं. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी व्हायला हवं. इथे एकदाही झालं नव्हतं.

दुसरी गोष्ट वाऱ्याची, आणि सोलरमध्ये खरी ओढ तिचीच. पुण्यासाठी मानकातला मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला नव्वद किलोच्या घरात येतो. एका पॅनेलचं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटरच्या वर. म्हणजे वादळात एकेका पॅनेलला दोन-सव्वादोनशे किलोची वर उचलणारी ओढ बसू शकते. पहिल्या दरपत्रकातला बोल्ट चार इंचांचा होता. साडेअकरा इंचांच्या ओल्या, ठिसूळ विटांमध्ये तो कशाला धरणार? स्लॅबपर्यंत पोचलाच नसता, आणि वरचं मोझॅक फोडून पाण्याला वाट मात्र करून दिली असती. साडेचार इंची विटांच्या कठड्याला पाय बांधणं तर त्याहून वाईट. वारा पॅनेल ओढणार आणि पॅनेल कठडा.

म्हणजे कठड्याच्या एका मापातून तीन गोष्टी निघाल्या: माणसांना धोका, स्लॅबवर बोजा, आणि बोल्टाला पकड नाही.

टाकीची सावली

सावली जूनमध्ये डोळ्यांनी बघण्यात अर्थ नव्हता, म्हणून हिशोबाने काढली. पुण्यात २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो आणि सावली उंचीच्या ०.९ पट उत्तरेला पडते. पण घड्याळाचे बारा धरू नका, पुण्याची खरी दुपार साडेबाराच्या पुढे-मागे होते. सकाळी साडेनऊच्या सुमाराला सावली तिरकी, वायव्येला, उंचीच्या १.८ पट जाते. दुपारी साडेतीनला तितकीच ईशान्येला.

यात उंची गच्चीपासून धरायची नाही, पॅनेलच्या खालच्या कडेपासून धरायची. पहिल्या आराखड्यातली पॅनेल गुडघाभर उंचीवर होती, म्हणजे टाकीचा माथा त्यांच्याहून पाच मीटर वर. डिसेंबरच्या दुपारी साडेचार मीटर उत्तरेपर्यंत सावली. सकाळी साडेनऊला सहा मीटर उत्तरेला आणि पावणेसात मीटर पश्चिमेला. अठरापैकी सात पॅनेल थंडीत कधी ना कधी त्या सावलीत सापडत होती. पॅनेल २.४ मीटर वर उचलली तर फरक तीन मीटरचा उरतो. मग दुपारची सावली २.७ मीटर, सकाळची ३.६ उत्तरेला आणि ४ पश्चिमेला. तेव्हा सापडणारी पॅनेल चारच.

मी खडूने गच्चीवर दोन्ही सावल्या आखल्या. दिशा होकायंत्राने घेतली नाही. सळया आणि लोखंडी पाइपांजवळ त्याची सुई भरकटते. इमारतीची कड उपग्रह नकाशावर बघून कोन काढला. सेक्रेटरी काका त्या खडूच्या रेषांमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "म्हणजे डिसेंबरात सकाळी मी इथे ऊन खायला आलो तर थंडीच वाजेल." अगदी बरोबर. तिथल्या पॅनेललाही तेच.

पाहिलेले पर्याय

ऑगस्टच्या सभेपर्यंत चार पर्याय टेबलावर आले. मधल्या काळात सोसायटीने परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनियर नेमला. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या सगळ्या सदनिकांची छतं हातोडीने वाजवून पाहिली. काकूंच्या बेडरूममध्ये आवाज पोकळ आला, प्लास्टर काढलं तर दोन सळया गंजून फुगलेल्या. जुलैत भर पावसात मीही पुन्हा गेलो आणि पाणी कुठे साचतं ते बघितलं. पूर्वेच्या कोपऱ्यात पाऊस थांबल्यावर सहा तासांनीही बोटभर पाणी होतं, आणि तो कोपरा बरोबर त्याच बेडरूमवर.

पहिला पर्याय, आहे त्यावर लांब केमिकल अँकर, म्हणजे रसायनाने चिकटवलेले बोल्ट, मारायचे. स्वस्त, पण साडेअकरा इंचांतून जाणारी पन्नासेक भोकं, आणि बोजा तसाच.

दुसरा, भोकं नकोत म्हणून काँक्रीटचे वजनी ठोकळे. ठिकठाक स्लॅबवर हा चांगला मार्ग आहे आणि मी तो अनेकदा सुचवतो. इथे आधीच लादलेल्या स्लॅबवर आणखी काही टन ठेवावे लागले असते. शिवाय ठोकळे उतार अडवतात.

तिसरा, सोलरच रद्द करायचं. एका सभासदाने हे गंभीरपणे मांडलं आणि त्यात चूक काही नव्हती. मात्र गळती आणि जादा बोजा सोलर रद्द केल्याने जाणार नव्हते.

चौथा, दोन्ही कोबे काढायचे, स्लॅब दुरुस्त करायचा, कॉलमच्या डोक्यावर काँक्रीटचे ओटे ओतायचे, त्यांच्याभोवती नवं वॉटरप्रूफिंग करायचं आणि मग सोलर. खर्च सोलरच्या खर्चापेक्षा जास्त. सभेत आवाज चढले. आमच्या कंत्राटदाराचंही तोंड उतरलं, कारण काम चार-पाच महिने लांबत होतं आणि कदाचित हातचं जात होतं. शेवटी इंजिनियरांनी लेखी दिलं की वरचा कोबा सोलर असो वा नसो, काढावाच लागेल. त्यावर मत पडलं.

काय केलं

पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरमध्ये फोडाफोड सुरू झाली. इंजिनियरांची पहिली अट: राडारोडा गच्चीच्या मध्यावर ढीग करून ठेवायचा नाही, रोजच्या रोज गोण्या भरून खाली. ढीग म्हणजे पुन्हा तोच बोजा, फक्त एका जागी गोळा केलेला. डंपरच्या बाराएक खेपा झाल्या. खालचा कोबा ठेवता येईल का असा विचार होता, पण एक तृतीयांश भागात तो चिखलासारखा निघाला, तेव्हा तोही गेला.

कॉलम नेमके कुठे आहेत हे मूळ नकाशा न सापडल्याने वरून कळत नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या घरांत जाऊन बाहेरच्या भिंतीपासून प्रत्येक कॉलमचं अंतर घेतलं आणि तेच वर आखलं. स्लॅब उघडा पडल्यावर ते जुळलं. आठ कॉलमवर ओटे ओतले, सळया कॉलमच्या डोक्यात केमिकलने बसवून. ओटे आधी, कोबा नंतर, हा क्रम महत्त्वाचा. वॉटरप्रूफिंगचा लेप ओट्याच्या अंगावर फूटभर चढवला आणि तळाशी मसाल्याचा गोल वाटा मारला, कठड्याच्या बुडाला मारतात तसाच. जाळ्या बंद करून तीन दिवस पाणी भरून ठेवलं. तिसऱ्या दिवशी काकूंनी स्वतः फोन केला: छत कोरडं.

कोबा उतरल्यावर कठडा आतून पंचाण्णव सेंटिमीटर झाला. बरा, पण तरी पुरेसा नाही, म्हणून वर लोखंडी पाइपचा एक आडवा कठडा जोडला.

पॅनेल वर कशी न्यायची हा प्रश्न जूनमध्येच फॉर्मवर लिहिला होता. २.२८ मीटर लांबीचं पॅनेल जिन्याच्या वळणात अडकत होतं. पुठ्ठा कापून तो प्रत्यक्ष फिरवून बघितला. लिफ्टमध्ये तर नाहीच. दोराने बाहेरून चढवायचं, तर दक्षिणेच्या बाजूला विजेची तार जवळून जात होती, म्हणून उत्तरेची बाजू ठरवली. खाली पार्किंगचा तो भाग दोन दिवस रिकामा ठेवला आणि दोरी लावून बंद केला. वर काम करणाऱ्यांच्या हार्नेसचा दोर नव्या ओट्यातल्या सळईच्या कडीला बांधला. आमची पोरं एरवी तो पाण्याच्या पाइपला बांधतात. मी हे स्वतः पाहिलेलं आहे, आणि माझ्याच टीमचं आहे. टाकीवर जायच्या भिंतीतल्या लोखंडी पायऱ्यांपैकी दोन हाताने हलत होत्या. त्यावरून कुणाला चढू दिलं नाही, सुटी शिडी आणली.

जानेवारी २०२५ मध्ये पॅनेल बसली. अठराऐवजी सोळा. टाकीच्या वायव्येला सावलीत सगळ्यात जास्त वेळ राहणारी दोन काढून टाकली, आणि उरलेली सावलीतली दोन इन्व्हर्टरच्या वेगळ्या इनपुटवर, वेगळ्या साखळीत घेतली. एका साखळीत सगळी पॅनेल ओवली की सावलीतल्या पॅनेलचा परिणाम बाकीच्यांवर जातो. सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणाऱ्या पॅनेलमधल्या डायोडमुळे सगळं बंद पडत नाही हे खरं, पण कमी होतंच.

निष्पत्ती

उन्हाच्या चांगल्या दिवशी ३५ युनिटच्या आसपास मिळतात. हिवाळ्यात सावलीतली दोन पॅनेल सव्वादहापर्यंत मंद असतात, नंतर बाकीच्यांच्या बरोबरीला येतात. तेवढं स्वीकारूनच आराखडा केला होता. त्यानंतरच्या पावसाळ्यात चौथ्या मजल्यावर नवा डाग आला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, खड्डा फोडायचा निर्णय मी योगायोगाने घेतला. दाराच्या उंबऱ्याकडे लक्ष गेलं नसतं तर "कठडा कमी" एवढीच नोंद करून मी सावलीकडे वळलो असतो. आता माझ्या फॉर्मची पहिली ओळ ही आहे: कठडा आतून किती, बाहेरून स्लॅबपासून किती, फरक किती. फरक सहा इंचांच्या वर गेला की खड्डा फोडल्याशिवाय दरपत्रक नाही.

दुसरं, चौथ्या मजल्यावरच्या छतांची पाहणी इंजिनियरांनी केली, मी नाही. मी फक्त वरून बघितलं होतं. खालून छत बघायला दहा मिनिटं लागतात आणि मोबाइलची टॉर्च पुरते.

तिसरी चूक पूर्णपणे माझी. टाकीची सावली मी खडूने आखली, माथ्याचं माप सेंटिमीटरमध्ये घेतलं, पण टाकीचं ओव्हरफ्लो पाणी कुठे पडतं हे बघितलंच नाही. जूनमध्ये टाकी ओसंडत नव्हती. एप्रिलमध्ये पंपाचा स्विच कुणीतरी चालू ठेवून विसरलं, आणि पश्चिमेकडच्या टाकीचा पाइप वाऱ्याने थेट दोन पॅनेलवर शिंतडत राहिला. बोअरचं पाणी, क्षारांनी भरलेलं. वाळल्यावर काचेवर पांढरा थर बसला, तो साध्या पाण्याने निघेना. पातळ व्हिनेगर आणि मऊ फडकं घेऊन दोन सकाळी घासावं लागलं. प्लंबरने पाइपला एक एल्बो लावून तोंड जाळीकडे वळवलं, साठ रुपयांचं काम. फॉर्मवर टाकीच्या उंचीच्या खाली आता ओव्हरफ्लोची ओळ आहे, आणि ती भरताना मी पंप चालू करून टाकी ओसंडेपर्यंत थांबतो.